व्हॉट्सॲपवर आलेलं प्रगतिपुस्तक कसं वाचावं

पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक हातात पडलं की घरी पोहोचायच्या आत त्याचा फोटो पालकांच्या मोबाईलवर येतो. फोटोत ‘क-१’ दिसतं, वरच्या कोपऱ्यात ‘क्र. ३१’ दिसतं, खाली ‘सुधारणा आवश्यक’ असं दिसतं आणि संध्याकाळी मुलाची उलटतपासणी सुरू होते. या तिन्हींचा अर्थ घाबरलेल्या पालकांना वाटतो त्यापेक्षा बहुतेक वेळा वेगळा असतो. राज्य मंडळाच्या शाळांमधलं पहिली ते आठवीचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं, एवढंच इथे सांगते. सीबीएसईच्या शाळांची पद्धत वेगळी आहे, तिथे हे आकडे लावू नका.

आधी फोटो नीट मिळवा. प्रगतिपुस्तक घडीचं असतं आणि श्रेणींचा तक्ता बऱ्याचदा मागच्या किंवा आतल्या पानावर छापलेला असतो, म्हणून सगळी पानं मागा. पान सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढायला सांगा. व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर अक्षरं फुटत नाहीत. हाताने लिहिलेल्या ‘ब-१’ आणि ‘ब-२’ मध्ये किंवा ‘ड’ आणि ‘इ’ मध्ये पुसट फोटोत सहज गल्लत होते. शंका आली तर शेजारचे गुण पाहून ताळा घ्या.

त्यासाठी तक्ता असा: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि त्याखाली इ-२. म्हणजे ‘क-१’ म्हणजे निम्म्याहून जास्त गुण. साठ आणि एकसष्टमध्ये फरक एका गुणाचा, पण अक्षर बदलतं. म्हणून श्रेणीवर थांबू नका, डावीकडच्या दोन रकान्यांकडे जा. पुस्तकाचा खरा अर्थ तिथे आहे.

एका रकान्यावर ‘आकारिक’ आणि दुसऱ्यावर ‘संकलित’ असं लिहिलेलं असतं. आकारिक म्हणजे सत्रभर वर्गात चाललेलं काम: तोंडी उत्तरं, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. दोन्हींचं वजन इयत्तेनुसार बदलतं. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०.

आता सहावीतल्या एका मुलीचं पुस्तक घेऊ. गणितात आकारिक ५० पैकी ४०, संकलित ५० पैकी २२, एकूण ६२, श्रेणी ब-२. विज्ञानात आकारिक २६, संकलित ३४, एकूण ६०, श्रेणी क-१. घरचे विज्ञानावरून काळजीत पडतील, कारण अक्षर खालचं आहे. मी मात्र गणिताबद्दल विचारेन. विज्ञानात परीक्षेत ती बरी लिहिते. तिचे गुण सत्रभराच्या कामात गेलेत. वही अपुरी, प्रकल्प उशिरा, प्रयोगाच्या दिवशी गैरहजर, असं काहीतरी असणार. पुस्तकातच महिनावार उपस्थिती दिलेली असते, ती त्या शेजारी ठेवून पाहा. गणितात उलट आहे. वर्गात, बाईंच्या समोर तिला जमतं, पण एकटीने कागदावर सोडवायची वेळ आली की अडतं.

आणि त्या २२ च्या आत अजून एक विभागणी आहे. सहावीच्या संकलितातल्या ५० गुणांपैकी १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे असतात आणि ४० लेखीचे. तोंडीत ८ मिळाले असतील तर लेखीत ४० पैकी १४ उरतात. प्रगतिपुस्तकावर बहुधा फक्त बेरीज असते, त्यामुळे ही फोड वर्गशिक्षकांकडे विचारावी लागते. जरूर विचारा, ती त्यांच्या नोंदीत असते.

हीच मुलगी सातवीत गेली आणि तिची तयारी तीळभरही बदलली नाही असं धरा. गणितात आकारिक ४० पैकी ३२, संकलित ६० पैकी २६, एकूण ५८: क-१. विज्ञानात २१ आणि ४१, एकूण ६२: ब-२. श्रेणींची अदलाबदल झाली. चौथीतून पाचवीत आणि सहावीतून सातवीत जाताना ‘अचानक मागे पडला’ अशी तक्रार मी दरवर्षी ऐकते. त्यातला मोठा भाग या वजन बदलण्याचा असतो. मूल मागे पडलेलं नसतं. लेखीतली जुनी अडचण आता उघडी पडते. म्हणून मागच्या वर्षीच्या पुस्तकाशी तुलना करायची तर श्रेणीची करू नका, दोन्ही रकान्यांची टक्केवारी वेगवेगळी काढून करा.

क्रमांकाचं बोलायचं तर आधी तो खरंच क्रमांक आहे का ते बघा. नावाशेजारी ‘क्र. ३१’ असेल तर तो जवळजवळ नक्की हजेरी क्रमांक आहे. कापलेल्या फोटोत ‘हजेरी’ हा शब्द गेला की घरात रडारड होते. वर्गातला क्रमांक गुणांच्या बेरजेजवळ असतो. श्रेणी पद्धतीला त्याची गरजच नाही, काही शाळा आपल्या रीतीने तो देतात. दिला असेल तर बेरजेत कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण धरलंय का ते विचारा. या विषयांना लेखी परीक्षा नसते, सगळे गुण आकारिकच असतात, आणि तिथल्या थोड्या गुणांनी वर्गाच्या मधल्या गर्दीतला क्रमांक पाच-सहा जागा सहज सरकतो.

शेवटी शेरे. ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ ही छापील शीर्षकं आहेत, ती पहिल्या आलेल्या मुलाच्या पुस्तकावरही असतात. पाहायचं ते त्यापुढे हाताने काय लिहिलंय ते. ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ हा शेरा निम्म्या वर्गाला मिळतो, त्यातून फार काही काढू नका. पण ‘शाब्दिक उदाहरणे सोडवताना मदत लागते’ असं लिहिलं असेल तर ते त्या मुलाकडे पाहून लिहिलेलं आहे. आम्ही शिक्षक शेरे शक्यतो मुलाला न दुखावणाऱ्या भाषेत लिहितो, त्यामुळे ‘मदत लागते’, ‘प्रयत्न करतो’, ‘मार्गदर्शन केल्यास करतो’ हे शब्द हलके घेऊ नका. ‘अजून एकट्याने येत नाही’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं. वरच्या मुलीच्या पुस्तकावर शाब्दिक उदाहरणांचा शेरा असेल, तर तो आणि गणितातले २२ एकत्र वाचले की अडचण जवळपास सापडते: आकडेमोड येते, उदाहरण वाचून काय करायचं ते ठरवता येत नाही.

ड किंवा त्याखालची श्रेणी असेल तर मात्र थांबू नका. अशा मुलांना शाळेने जादा मार्गदर्शन देणं अपेक्षित आहे, ते कधी आणि कोण घेणार हे विचारा. पाचवी आणि आठवीच्या पालकांनी तर नक्कीच, कारण २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा द्यावी लागते.

वर्गशिक्षकांना रात्री फोन करण्यापेक्षा एक संदेश पाठवा: ‘नमस्कार बाई, गणिताच्या संकलितात तोंडी आणि लेखीचे गुण वेगवेगळे किती आहेत? शाब्दिक उदाहरणांची उत्तरपत्रिका पालकसभेत पाहायला मिळेल का?’ उत्तरपत्रिका मिळाली की लाल शेऱ्यांआधी कोरे सोडलेले प्रश्न मोजा. प्रश्न सोडवून चुकले असतील तर सराव हवा. कोरेच सोडले असतील तर घरी मुलाला तेच उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा आणि ते कुठल्या शब्दाशी अडतं ते ऐका.