इंटिरिअरच्या ठेकेदाराला पाठवायचा मेसेज: काम, मुदत आणि मुख्य म्हणजे हप्ते

कोटेशन आलं, घासाघीस झाली, आता टोकन द्यायचं आहे. थांबा. आधी ठेकेदाराला एक मेसेज पाठवा आणि त्याचं लेखी उत्तर आल्यावरच पैसे सोडा. फोनवर ठरलेलं दोन महिन्यांनी दोघांना दोन तऱ्हांनी आठवतं.

काम खोलीवार लिहा, मापासकट. 'मास्टर बेडरूमला वॉर्डरोब' एवढं पुरत नाही. '७ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे ४९ चौरस फूट. वरचा लॉफ्ट ७ बाय २, म्हणजे १४ चौरस फूट, त्याचा दर वेगळा' असं लिहा. आतले ड्रॉवर, आरसा, हँडल दरात धरलेत का, तेही विचारून घ्या. जे धरलेलं नाही त्याचीही एक ओळ हवी: राबीट उचलणं, शेवटची साफसफाई, दिवे-पंखे कोण आणणार. भांडणं याच गोष्टींवरून होतात.

मुदतीचे दिवस सोसायटीची परवानगी मिळून चावी दिल्यापासून मोजा. लॅमिनेटचा रंग तुम्ही कोणत्या दिवसापर्यंत सांगणार, तेही लिहा. उशिराचं खापर नेमकं तिथेच फुटतं.

आता हप्ते. '५० टक्के आधी, ४० टक्के मध्ये, १० टक्के शेवटी' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. माझ्या पहिल्या फ्लॅटच्या वेळी मी तो पाळला. 'मध्ये' म्हणजे कधी, हे कुठेच लिहिलं नव्हतं. सुतार आले, दोन दिवस कापाकापी झाली आणि ठेकेदाराने दुसरा हप्ता मागितला. मी दिला. नव्वद टक्के पैसे गेले तेव्हा घरात प्लायचे उघडे खोके उभे होते. पुढच्या आठवड्यात सुतार दुसऱ्या साइटवर गेले. उरलेल्या दहा टक्क्यांत लॅमिनेट, शटर, रंग सगळं करायचं होतं. ते ठेकेदाराला परवडणारच नव्हतं. पाच आठवडे मी रोज फोन करत होतो.

तेव्हापासून माझा नियम एकच: दिलेले पैसे घरात दिसणाऱ्या कामाच्या फार पुढे जाता कामा नयेत. त्यासाठी हप्ता तारखेला बांधू नका आणि 'काम सुरू झाल्यावर' हे शब्द तर कधीच लिहू नका, कारण सुरू व्हायला एक करवत पुरते. हप्ता अशा टप्प्याला बांधा, जो फोटोत दिसतो आणि ज्यावर वाद होऊ शकत नाही.

ठेकेदाराची बाजूही खरी आहे. प्लाय आणि हार्डवेअर त्याला सुरुवातीलाच रोखीने घ्यावं लागतं. म्हणून दुसरा हप्ता मोठा ठेवा, पण तो माल घरात उतरल्यावर द्या. किचनसाठी ठरलेल्या प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का आहे का, ते कापण्याआधी बघा. लॅमिनेट चिकटल्यावर आतलं प्लाय कोणतं, हे सांगता येत नाही.

सहा लाखांच्या कामासाठी मी पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार दादा. काल बोलल्याप्रमाणे एकूण ६,००,००० रुपये, जीएसटी धरून. खोलीवार यादी आणि मापं सोबत जोडली आहेत. चावी दिल्यापासून ६० दिवस. पैसे असे देईन: ऑर्डरला ६०,०००. प्लाय आणि हार्डवेअर घरात उतरून मी पाहिल्यावर १,५०,०००. किचन आणि सगळ्या वॉर्डरोबचे खोके जागेवर उभे राहिल्यावर १,५०,०००. लॅमिनेट आणि सगळी शटर लागून उघडझाप नीट झाल्यावर १,२०,०००. रंग आणि इलेक्ट्रिकचं काम संपल्यावर ६०,०००. शेवटचे ६०,००० मी दिलेल्या दुरुस्त्यांची यादी पूर्ण झाल्यावर. यादीबाहेरचं काम असेल तर आधी इथेच दर लिहा, मी 'हो' लिहिल्यावरच करा. सगळं मान्य असेल तर तसं लिहून पाठवा."

यातला 'सगळ्या' हा शब्द गाळू नका. तो नसेल तर एक खोका उभा करून दीड लाख मागितले जातात.

ठेकेदार बहुधा ऑर्डरच्या रकमेवर अडतो. तिथे थोडं नमतं घ्या: ६०,००० चे ९०,००० करा आणि ते ३०,००० दुसऱ्या हप्त्यातून कमी करा. तेही पटत नसेल तर प्लायच्या दुकानाचं बिल तुम्ही थेट भरा आणि तेवढी रक्कम दुसऱ्या हप्त्यातून वळती करा. शेवटच्या ६०,००० ला मात्र हात लावू देऊ नका. घासणारा ड्रॉवर, सुटलेली एज बँडिंग, वाकडं बसलेलं शटर यांसाठी सुतार परत येतो तो त्याच पैशांसाठी.

उत्तरात नुसता अंगठा आला तर पुन्हा लिहा: "दादा, 'मान्य आहे' एवढं लिहा, मग लगेच ट्रान्सफर करतो." ते आलं की त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि टोकन पाठवा.