तव्यावर न वितळणारं चीज

सायप्रसच्या हलुमीसारखं चीज पुण्यात घरी करताना तव्यावर ते मऊ पडून पसरायचं. उपाय सापडला तो दाबल्यानंतरच्या पायरीत.

गोठ्यावरचं 3 लिटर गाईचं दूध उकळायचं नाही, कारण उकळलेल्या दुधाची गाठ रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विकराने, नीट धरत नाही. 72 अंशांपर्यंत तापवून लगेच 33 अंशांवर आणते आणि शाकाहारी रेनेट घालते. विरजण अजिबात नको. आंबटपणामुळे कॅल्शियम सुटतं आणि चीज वितळू लागतं. गाठी कापून, फडक्यात बांधून, पाट्याखाली तासभर दाबते.

आता मुख्य काम. गाठींतून निथळलेलं पाणी, म्हणजे निवळी, 90 अंशांवर आणून त्यात चीजचे तुकडे अर्धा तास शिजवायचे. उकळी फुटू द्यायची नाही. तुकडे वर तरंगले आणि बोटाने दाबल्यावर रबरासारखे परत आले, की झालं. या उष्णतेने प्रथिनांची वीण घट्ट होते.

मग गार निवळीत, लिटरला 100 ग्रॅम मीठ घालून, रात्रभर फ्रिजमध्ये. साध्या पाण्यात वरचा थर बुळबुळीत होतो. भाजण्याआधी तुकडे फडक्याने कोरडे करा. ओलसर राहिले तर तांबूस रंग येतच नाही.