मेल हलवला आणि फोनवरून गायब झाला? या चुका टाळा

गोरेगावातल्या एका सोसायटीच्या खजिनदार ताईंचा मागच्या महिन्यात फोन आला. सोसायटीचा एकच ईमेल, तो सेक्रेटरी काकांच्या कॉम्प्युटरवर आणि ताईंच्या फोनवर, दोन्हीकडे जोडलेला. रिडेव्हलपमेंटचा बिल्डरशी झालेला सगळा पत्रव्यवहार ताईंच्या फोनवरून एका दिवसात नाहीसा झाला होता. ताईंनी अकाउंट काढून परत टाकून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. होणारही नव्हता, कारण फोनमध्ये बिघाडच नव्हता.

काकांनी इनबॉक्स आवरायला घेतला होता. थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये डावीकडे अगदी खाली Local Folders असतं. त्यात त्यांनी ‘बिल्डर’ नावाचा फोल्डर केला आणि मेल ओढून तिथे टाकले. पहिली चूक इथेच झाली. दिसायला सगळे फोल्डर सारखे, पण वरचे सर्व्हरवर असतात आणि हे फक्त त्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर. सोसायटीच्या कपाटातली फाइल घरी नेल्यासारखंच हे. हलवताना मेल आधी डिस्कवर उतरतो, मग सर्व्हरवरून पुसला जातो. फोन सर्व्हरवर जे आहे तेच दाखवतो, म्हणून पुढच्या सिंकला तिथूनही जातो. डिलीट केलेला नसल्यामुळे ट्रॅशमध्येही बहुतेकदा सापडत नाही.

ओळखायचं कसं? फोल्डरवर राइट क्लिक करून Properties उघडा आणि Location वाचा. `imap://` ने सुरुवात असेल तर फोल्डर सर्व्हरवर आहे, `mailbox://` असेल तर याच मशीनवर. ब्राउझरमधून मेल उघडूनही कळतं. तिथे फोल्डर दिसला नाही, तर फोनवर तो कधीच दिसणार नाही.

दुसरी चूक याहून महागात पडते: कॉम्प्युटर फॉरमॅट करणं. काका तेच करायला निघाले होते, मशीन जुनं झालं म्हणून. त्या मेलची एकुलती एक प्रत त्याच डिस्कवर होती! आधी थंडरबर्ड बंद करून त्याच्या प्रोफाइलमधला, म्हणजे तो आपला डेटा ठेवतो त्या फोल्डरमधला, `Mail/Local Folders` हा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. त्यात `.msf` फाइल ही नुसती सूची असते. खरे मेल असतात त्याच नावाच्या, शेवटी काहीच न जोडलेल्या फाइलमध्ये. फक्त `.msf` उचलली तर हाती काही लागत नाही.

मग ईमेल अकाउंटच्या नावावर राइट क्लिक करून सर्व्हरवर नवा फोल्डर केला. मेल पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने निवडून Copy To केले, Move To नाही. मध्येच नेट तुटलं तरी मूळ प्रत जागेवर राहते. सर्व्हरवर पुरेशी जागा आहे का, तेवढं आधी पाहून घ्या. प्रत्येक गठ्ठ्यानंतर ताई ब्राउझरमध्ये संख्या मोजून सांगत होत्या. सगळी जुळल्यावरच लोकल फोल्डर रिकामा केला.

तरीही दोन दिवसांनी बिल्डरचा नवा मेल पुन्हा फोनवरून गेला. काकांनी Message Filters मध्ये बिल्डरचे मेल आपोआप हलवणारा एक नियम लावून ठेवला होता आणि त्याचं टोक अजून जुन्या लोकल फोल्डरलाच होतं. ते बदलल्यावर त्रास थांबला.