बँकेतले पैसे कोणत्या महिन्यात संपतील? स्टार्टअपच्या पहिल्या वर्षाचं बजेट असं मांडा

रनवे म्हणजे हातातले पैसे किती महिने पुरतील तो आकडा. बँकेतली शिल्लक भागिले महिन्याचा खर्च की तो मिळाला, असं बहुतेकजण समजतात. एका ओळीत उत्तर मिळतं आणि ते बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी चुकतं. चूक नेमकी कुठे होते ते पुण्यातल्या एका काल्पनिक कंपनीच्या आकड्यांवर पाहू.

दोन संस्थापक आहेत. चाकण-भोसरीच्या सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी ते मालसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवतात. स्वतःचे, घरच्यांचे मिळून 24 लाख रुपये 1 एप्रिलला खात्यात आहेत.

आधी एकदाच होणारा खर्च बाजूला काढा

कंपनीची नोंदणी आणि ट्रेडमार्क 40 हजार, दोन लॅपटॉप 1 लाख 40 हजार, बाणेरमधल्या को-वर्किंग जागेचं डिपॉझिट 60 हजार. झाले 2 लाख 40 हजार. हातात उरले 21 लाख 60 हजार. डिपॉझिट परत मिळणार असलं तरी वर्षभर ते तुमच्या उपयोगाचं नाही, म्हणून ते गेलं असंच धरा.

मग महिन्याचा खर्च, म्हणजे ग्रॉस बर्न

दोन डेव्हलपर 90 हजार, संस्थापकांना प्रत्येकी 25 हजार, चार सीट जीएसटीसकट 35 हजार, सर्व्हर आणि सॉफ्टवेअर 12 हजार, पेट्रोल-फोन 8 हजार, सीए 5 हजार. एकूण 2 लाख. संस्थापकांनी पगार शून्य दाखवायचा मोह टाळावा. घराचा हप्ता आणि किराणा थांबत नाहीत, त्यामुळे तो पैसा चौथ्या महिन्यात ‘उसना’ म्हणून कंपनीतूनच बाहेर पडतो आणि शीट खोटी ठरते.

जुलैपासून दोन गिऱ्हाइकं येतील, प्रत्येकी दरमहा 30 हजारांचं बिल लागेल असा अंदाज आहे. उत्साही हिशोब असा होतो: जूनअखेर 15 लाख 60 हजार उरतील, पुढे खर्च 2 लाख आणि विक्री 60 हजार, म्हणजे नेट बर्न 1 लाख 40 हजार. आणखी अकरा महिने, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मेअखेरपर्यंत चिंता नाही.

आता प्रत्येक रक्कम तिच्या खऱ्या महिन्यात ठेवा

शीटमध्ये बारा रकाने करा. सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक अशा चारच ओळी लागतात. पुढच्या रकान्याची सुरुवात मागच्या रकान्याच्या अखेरीवरून घ्यायची. अखेरच्या शिलकीचं सूत्र एवढंच:

```
=B2+B3-B4
```

महत्त्वाचं हे की जमा ओळीत बिलाची तारीख चालत नाही, पैसे खात्यात पडल्याची तारीख लागते. 31 जुलैचं बिल कारखान्याच्या खरेदी विभागातून अकाउंट्सकडे जातं, तिथे खरेदीच्या ऑर्डरशी जुळवलं जातं, मग पुढच्या पेमेंटच्या तारखेची वाट पाहतं. 75 दिवस धरा. म्हणजे पहिले पैसे ऑक्टोबरच्या मध्यात. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे, ती जरूर करा आणि तिचा नंबर बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. पण नव्या, एकुलत्या एक मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायचं धाडस फार कमी जण करतात, म्हणून शीटमध्ये 75च राहू द्या.

आलेली रक्कमही पूर्ण नसते. कामाच्या स्वरूपानुसार टीडीएस 2 किंवा 10 टक्के कापला जातो. तुमच्या कामाला कोणता दर लागतो ते सीएला विचारा, बजेटमध्ये 10 धरा. कंपनी तोट्यात असली तर तो परत मिळतो, पण वर्ष संपून रिटर्न भरल्यावर. त्यामुळे 60 हजारांच्या बिलाचे हातात 54 हजार. वर आलेला 18 टक्के जीएसटी आपला नव्हे. तो वेगळ्या ओळीत ठेवा आणि रनवेत मोजू नका. एक फायदा मात्र घ्या: जीएसटी नोंदणी सुरुवातीलाच केली तर लॅपटॉप आणि सीटवर भरलेल्या कराचं क्रेडिट पहिल्या बिलांच्या करातून वळतं होतं. नाहीतर गिऱ्हाइकाचे पैसे यायच्या आधी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

खर्चाच्या बाजूला उत्साही हिशोबात दोन गोष्टी सुटल्या होत्या. कारखान्यात जाऊन सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस, जुलैपासून 30 हजार. आणि ऑक्टोबरात दिवाळीचा बोनस, सगळ्यांचा मिळून 60 हजार.

आता शीट काय सांगते पाहा. सप्टेंबरअखेर 8 लाख 70 हजार. ऑक्टोबरात 2 लाख 30 हजार खर्च आणि बोनस गेला, 54 हजार आले, उरले 6 लाख 34 हजार. पुढे दरमहा 1 लाख 76 हजार जातात. जानेवारीअखेर 1 लाख 6 हजार, आणि फेब्रुवारीत शिल्लक उणे. मेअखेरपर्यंत पुरणारा पैसा फेब्रुवारीचा पगारही पूर्ण करत नाही.

एकेक अंदाज हलवून पाहा

समजा विक्री तीन महिने लांबली. माणूस जुलैतच घेतला असेल तर पैसे जानेवारीत संपतात. तोही ऑक्टोबरात घेतला तर जानेवारी जेमतेम 34 हजारांवर निभते आणि पुन्हा फेब्रुवारीच येतो. माझ्या मते शीटमधला हा सगळ्यात कामाचा धडा आहे. विक्री तुमच्या हातात नसते, भरती असते. म्हणून नव्या माणसाच्या ओळीसमोर महिन्याचं नाव लिहू नका, ‘दुसऱ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आल्यावर’ असं लिहा.

आणि गिऱ्हाइकांनी तिमाहीचे पैसे आगाऊ दिले तर? जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत प्रत्येकी 1 लाख 62 हजार येतील. मग फेब्रुवारीअखेर 1 लाख 46 हजार उरतात आणि खडखडाट मार्चमध्ये होतो. एकही पैसा जास्त न कमावता एक महिना मिळाला. त्यासाठी दरात पाच टक्के सवलत द्यावी लागली तर मी बिनदिक्कत देईन.

दर महिन्याच्या 5 तारखेला

पासबुक उघडा आणि खरी शिल्लक शीटमध्ये टाका. खरा नेट बर्न म्हणजे महिन्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या शिलकीतला फरक. मात्र मधे कर्ज, नवीन भांडवल किंवा मामांकडून आलेले दोन लाख असतील तर ते वगळून. नाहीतर त्या महिन्यात धंदा फायद्यात आल्यासारखा दिसतो. एकाच महिन्यावर भरवसा ठेवू नका, तीन महिन्यांची सरासरी घ्या. सलग दोन महिने खर्च अंदाजापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त निघाला, तर अंदाजच चुकला आहे असं समजून पुढचे सगळे रकाने बदला.

शेवटी शीटवर एक तारीख ठळक करा: पैसे संपण्याच्या महिन्याच्या सहा महिने आधीची. गुंतवणूकदार असो वा तारणाशिवायचं बँकेचं कर्ज, बोलणी सुरू होऊन पैसा खात्यात पडेपर्यंत काही महिने जातातच. आपल्या कंपनीचे पैसे फेब्रुवारीत संपतात, म्हणजे ही तारीख ऑगस्टमध्ये येते. तेव्हा गिऱ्हाइकाकडून एक रुपयाही आलेला नसेल आणि बँकेत अजून दहा लाखांवर शिल्लक दिसत असेल. पैसे उभे करायचे, की चारपैकी दोन सीट सोडून घरून काम करायचं, याची बैठक त्याच महिन्यात घ्या.