गॉगल घातलेल्या फोटोवरून पोर्ट्रेट काढताना

ऑर्डर येते तेव्हा बऱ्याचदा एकच फोटो असतो आणि त्यात नेमका गॉगल, वर "डोळे दिसू द्या हं" असा निरोप. अंदाजाने डोळे काढू नका, घरच्यांना लगेच कळतं की हे आमचे बाबा नाहीत. त्यापेक्षा दुसरा फोटो मागवा, जुना किंवा आधार कार्डासाठी काढलेला असला तरी चालेल, फक्त चेहरा साधारण त्याच बाजूला वळलेला हवा.

आता साइज जुळवायची. केसांच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंतचं अंतर दोन्ही फोटोत मोजा. समजा मूळ फोटोत ते 6 सेंमी आणि दुसऱ्यात 4, तर दुसरा दीडपट मोठा करा. हनुवटीपासून मोजू नका, हसताना जबडा खाली येतो आणि सगळं माप बिघडतं. मग डोळे ट्रेस करा, पण सावली मूळ फोटोतल्या उजेडाप्रमाणेच द्या, नाहीतर डोळे चिकटवल्यासारखे दिसतात. मूळ फोटोत माणूस हसत असेल तर खालची पापणी थोडी वर घ्या.

दुसरा फोटो मिळालाच नाही तर सरळ गॉगलसकट काढा, काच मात्र सपाट काळी भरू नका, त्यात आकाशाचं रिफ्लेक्शन सोडा.

मास्कचंही तेच, खालचा अर्धा चेहरा दुसऱ्या फोटोतूनच घ्यायचा. गालावर हात टेकलेला असेल तर नुसता हात वगळून भागत नाही, त्या दाबाने गाल आणि डोळ्याचा कोपरा वर गेलेला असतो, तोही खाली आणावा लागतो.