एका शीर्षकाचा हिशोब: ज्युनिअर कंटेंटच्या अर्जासोबतची टिपण पाठवण्याआधी

ज्युनिअर कंटेंट रायटरच्या जागेसाठी येणाऱ्या बहुतेक टिपणांत 'मला लिहायची आवड आहे' एवढंच असतं. तुमच्याकडे एक लहानसा ब्लॉग असेल आणि त्यातल्या एका पानाचं शीर्षक बदलल्यावर क्लिक वाढले असतील, तर टिपणीत तेवढंच सांगा. पण लिहायला बसण्याआधी काही गोष्टी हाताशी हव्यात. उदाहरणासाठी थालीपिठाच्या भाजणीचं पान घेऊ. पुढचे आकडे कल्पित आहेत, त्या जागी तुमचे घाला.

आधी जुना मजकूर जसाच्या तसा मिळवा. बदल केला की जुनं शीर्षक पुसलं जातं आणि मग ते आठवणीतून लिहावं लागतं. वर्डप्रेस असेल तर पोस्टच्या रिव्हिजनमध्ये शीर्षक सापडतं. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली दिसावं म्हणून एसईओ प्लगइनमध्ये भरलेलं वर्णन मात्र तिथे नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून बदलण्याआधी ते वहीत उतरवून ठेवा. आपल्या पानाचं जुनं शीर्षक होतं 'आजीच्या हातची आठवण: खमंग थालीपीठ', आणि वर्णनाची जागा रिकामी होती. वाचायला गोड आहे, पण गूगलवर आजी कोण शोधतं?

लोक काय शोधतात ते सर्च कन्सोल या गूगलच्याच साधनात दिसतं. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये फक्त हे एक पान निवडा आणि क्वेरीज उघडा. तिथे 'थालीपीठ भाजणी प्रमाण', 'भाजणी १ किलो प्रमाण' आणि रोमन लिपीत टाइप केलेलं `thalipeeth bhajani praman` असे शब्द दिसले, म्हणजे माणसाला पाककृती नको होती, धान्याचं माप हवं होतं. माप पानात होतं, पण आठवणींच्या चार परिच्छेदांखाली. नवं शीर्षक आणि वर्णन त्यातूनच आलं:

```html
<title>थालीपीठ भाजणी प्रमाण: १ किलोसाठी कोणतं धान्य किती</title>
<meta name="description" content="ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे यांचं वाटी आणि ग्रॅममधलं प्रमाण. कोणतं धान्य किती भाजायचं आणि थालीपीठ थापताना चिरलं तर काय बदलायचं.">
```

वर्णनात जे कबूल केलंय ते पानात असलंच पाहिजे. इथे वाटी आणि ग्रॅमचा तक्ता पानाच्या वरच्या भागात आणावा लागला. हेही टिपणीत लिहा, कारण मग बदल फक्त दोन ओळींचा राहत नाही आणि वाचणारा ते विचारणारच.

आता गूगलने तुमचं शीर्षक खरंच दाखवलं का, ते पाहा. इथे बरेच जण फसतात. शोधाच्या निकालात तुमचा टायटल टॅगच येईल याची हमी नसते. गूगल कधी पानातलं मोठं शीर्षक उचलतं, कधी दुसऱ्या पानांनी तुम्हाला दिलेल्या लिंकचे शब्द. वर्णनाचं तर नेहमीचंच आहे. शोधलेल्या शब्दांना पानातलं एखादं वाक्य जास्त जुळलं तर तेच खाली दिसतं. म्हणून सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये शेवटचा क्रॉल, म्हणजे गूगलने पान शेवटचं वाचलं ती वेळ, बदलानंतरची आहे ना ते बघा, इन्कॉग्निटोमध्ये ती क्वेरी टाकून निकालाचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावर तारीख लिहा. मोबाइलवर शीर्षक कुठे तुटतं तेही बघून घ्या. 'प्रमाण' हा शब्द सुरुवातीला ठेवलाय तो याचसाठी.

मग आकडे. आधीचे चार पूर्ण आठवडे आणि नंतरचे चार पूर्ण आठवडे घ्या. नव्या शीर्षकाचा क्रॉल होईपर्यंतचे मधले दिवस सोडून द्या. अगदी ताजे दोन-तीन दिवसही घेऊ नका, तिथला डेटा अजून भरत असतो. समजा आधी पान निकालात ४,२०० वेळा दिसलं, म्हणजे ४,२०० इम्प्रेशन, आणि त्यावर ५० क्लिक होते. क्लिकचं हे प्रमाण, म्हणजे सीटीआर, १.२ टक्के. नंतर ४,३५० इम्प्रेशनवर १२६ क्लिक, म्हणजे २.९ टक्के. सरासरी स्थान आधी ६.८, नंतर ६.५. या चार आकड्यांतला स्थानाचा आकडा लपवू नका. पान नवव्या जागेवरून चौथ्यावर गेलं असतं तर क्लिक तसेही वाढले असते आणि शीर्षकाचं श्रेय घेता आलं नसतं. इथे स्थान जवळपास तिथेच आहे, लोकांना पान दिसलंही तेवढंच, तरी क्लिक वाढले, म्हणून तुमच्या म्हणण्याला वजन आहे. '१५२ टक्के वाढ' असं मात्र लिहू नका. गणित बरोबर आहे, पण पन्नास क्लिकच्या पायावर उभी केलेली टक्केवारी अनुभवी संपादकाला लगेच खटकते. '५० वरून १२६' लिहा.

एक तुलना अजून हवी: ज्याला हात लावला नाही असं त्याच ब्लॉगवरचं पान. ज्वारीच्या भाकरीच्या पानावर त्याच काळात ६१ चे ६४ क्लिक झाले असतील, तर सगळ्या ब्लॉगलाच भरती आली होती ही शंका बरीचशी मिटते.

भाजणीच्या बाबतीत दिवाळी सांभाळा. दिवाळीआधी 'भाजणी' शोधणाऱ्या अनेकांना चकलीची भाजणी हवी असते. तेव्हा इम्प्रेशन फुगतात, सीटीआर पडतो, आणि चांगलं शीर्षकही वाईट दिसू लागतं. क्वेरीच्या फिल्टरमध्ये 'चकली' आणि `chakli` दोन्ही वगळून आकडे पुन्हा काढा. फिल्टर लावल्यावर बेरीज जुळत नाही म्हणून घाबरू नका. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल नावानिशी दाखवत नाही. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपलीकडचं काही मिळत नाही, तेव्हा लागणारा डेटा आत्ताच एक्सपोर्ट करून ठेवा. ब्लॉग दुसऱ्या कुणाचा असेल तर आकडे बाहेर देण्याआधी मालकाला विचारा.

एवढं झालं की टिपण छोटीच होते. साधारण अशी:

'नमस्कार, ज्युनिअर कंटेंट रायटरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. एका छोट्या पाककृती ब्लॉगवर थालीपिठाचं एक पान शोधात दिसत होतं, पण फार कमी लोक ते उघडत होते. लोक भाजणीचं प्रमाण शोधत होते आणि शीर्षकात ते नव्हतं. मी शीर्षक आणि वर्णन नव्याने लिहिलं, प्रमाणाचा तक्ता वर आणला. चार आठवड्यांत क्लिक ५० वरून १२६ झाले. सरासरी स्थान ६.८ वरून ६.५, म्हणजे जवळपास तेच. न बदललेल्या पानाचे क्लिक ६१ वरून ६४. आधीचं-नंतरचं शीर्षक आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.'

रेझ्युमेतली माहिती इथे पुन्हा नको. 'एसईओ तज्ज्ञ' हेही नको, एका पानावर कुणी तज्ज्ञ होत नाही.

मुलाखतीत बहुधा विचारतील की फरक शीर्षकाने पडला की वर्णनाने. दोन्ही एकाच दिवशी बदललं असेल तर ते वेगळं काढता येत नाही, आणि तसंच सांगा. तक्ता वर आणल्याने स्थान फारसं हललं नाही, एवढं आकड्यांवरून दाखवता येईल. पुढच्या पानावर आधी फक्त शीर्षक बदलाल, चार आठवड्यांनी वर्णन, हेही सांगता येईल. ते पान कोणतं असेल आणि त्याच्या क्वेरीज काय आहेत, हे मुलाखतीला जाण्याआधीच उघडून बघून ठेवा.