फोटोतल्या गणितात २०० पैकी ८० जण निवडले असतील, तर प्रमाण त्रुटी कशी काढावी

माझ्या एका विद्यार्थिनीने पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवला. सोबत तिचं उत्तर होतं १.६८, आणि पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर १.३०. फोटोत एवढंच दिसत होतं: ८० कर्मचारी निवडले, कामावर पोहोचायला लागणाऱ्या वेळाची सरासरी ४२ मिनिटं, नमुन्याचं प्रमाण विचलन १५ मिनिटं, सरासरीची प्रमाण त्रुटी काढा. तिने १५ ला √८० ने, म्हणजे ८.९४४ ने भागलं होतं. भागाकार बिनचूक होता. चूक फोटोच्या वरच्या कडेला होती, जिथे गणिताची पहिली ओळ कापली गेली होती.

ती ओळ मागवण्याआधी दोन उत्तरांकडे नीट पाहिलं, कारण त्यांच्या गुणोत्तरातच कापलेली ओळ लपलेली होती. नमुना समष्टीचा मोठा भाग असेल, तर उत्तराला √(1 − n/N) या दुरुस्तीच्या गुणकाने गुणावं लागतं; n हा नमुन्याचा आकार, N समष्टीचा. १.३० ला १.६७७ ने भागलं की ०.७७५ येतं. त्याचा वर्ग सुमारे ०.६०. एकातून ०.६० वजा केले की ०.४० उरतात. म्हणजे नमुना समष्टीच्या ४० टक्के असला पाहिजे, आणि ८० हे ४० टक्के असतील तर समष्टी २०० ची. मग पूर्ण पानाचा फोटो आला. पहिली ओळ होती: “एका कार्यालयातील २०० कर्मचाऱ्यांमधून परत न ठेवता यादृच्छिक पद्धतीने…”

आपलं उत्तर छापील उत्तरापेक्षा मोठं येत असेल, तर हा उलटा हिशेब आधी करून बघावा. उत्तर नेमकं कुठे चुकलं ते दोन मिनिटांत कळतं.

आधी फोटोत काय शोधायचं

तीन गोष्टी हव्यात. समष्टीचा आकार N, नमुन्याचा आकार n आणि निवड परत न ठेवता झाली आहे का. पहिली आणि तिसरी गोष्ट बहुधा प्रास्ताविकात असतात. एकाच माहितीवर चार-पाच उपप्रश्न असले, तर N फक्त सगळ्यात वर एकदा लिहिलेला असतो आणि फोटो काढणारा नेमका आपल्याच उपप्रश्नावर कॅमेरा धरतो. निवडलेली व्यक्ती परत यादीत टाकून पुन्हा निवडली जाऊ शकत असेल, तर N कितीही लहान असो, ही दुरुस्ती लावायची नाही.

अक्षर पुसट असेल तर नमुन्याचं प्रमाण विचलन s आणि समष्टीचं σ यांत गल्लत होते, तेही तपासून घ्यावं. का, ते पुढे येईलच.

दुरुस्ती कशासाठी

s/√n हे सूत्र असं धरून चालतं की समष्टी इतकी मोठी आहे की नमुना काढल्याने तिच्यात काही कमी झालं नाही. इथे तसं नाही. २०० पैकी ८० जणांचे वेळ आपल्या हातात आहेत, त्यांच्याबद्दल अंदाज करायचा प्रश्नच नाही. अनिश्चितता आहे ती फक्त उरलेल्या १२० जणांची. सगळे २०० मोजले असते तर सरासरी अंदाजाची उरलीच नसती आणि प्रमाण त्रुटी शून्य झाली असती. s/√n मात्र तेव्हाही शून्य होत नाही. ही उणीव भरून काढणारा गुणक असा:

```
SE = (s / √n) × √(1 − n/N)
```

आता गणित

n/N म्हणजे ८०/२००, अर्थात ०.४. एकातून वजा केल्यावर ०.६, त्याचं वर्गमूळ ०.७७४६. १.६७७ ला याने गुणलं की १.२९९, म्हणजे पुस्तकातलं १.३०.

पुढच्या उपप्रश्नात ९५ टक्के विश्वास अंतराल विचारलं होतं. ७९ स्वातंत्र्य-कोटींना t ची किंमत १.९९ आहे, म्हणून दोन्ही बाजूंना २.५९ मिनिटं धरायची: ३९.४ ते ४४.६. दुरुस्ती न करता हेच अंतराल ३८.७ ते ४५.३ येतं.

नमुना समष्टीच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर दुरुस्ती सोडून द्यावी, असा नियम बऱ्याच पुस्तकांत असतो. ५ टक्क्यांना गुणक ०.९७५ येतो, म्हणजे फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. पण ती फक्त सोय आहे. N माहीत असेल तर दुरुस्ती लावण्यात काहीच नुकसान नाही.

N की N − 1?

याच जागी मुलं सर्वाधिक गोंधळतात, कारण काही पुस्तकांत गुणक वेगळा दिसतो:

```
SE = (σ / √n) × √((N − n) / (N − 1))
```

दोन्ही बरोबर आहेत, पण जोड्या ठरलेल्या आहेत. σ हे संपूर्ण समष्टीचं प्रमाण विचलन, N ने भागून काढलेलं. ते दिलं असेल तर N − 1 चा गुणक. s हे नमुन्यावरून, n − 1 ने भागून काढलेलं असेल तर १ − n/N. आपल्या गणितात चुकीची जोडी लावली तर १.२९९ ऐवजी १.३०२ येतं, दोन दशांश स्थळांपर्यंत फरक दिसतही नाही. समष्टी अगदी लहान असली की मात्र दिसतो.

म्हणून एकदा हाताने करून पाहावं. समष्टीत तीनच संख्या घ्या: २, ४, ९. सरासरी ५. दोन-दोनचे नमुने तीनच निघतात आणि त्यांच्या सरासऱ्या ३, ५.५ आणि ६.५. या सरासऱ्यांचे ५ पासूनचे फरक −२, ०.५ आणि १.५, वर्गांची बेरीज ६.५, तिला ३ ने भागलं की २.१६७. हे सरासरीचं खरं प्रचरण, कुठल्याही सूत्राविना मिळालेलं. आता सूत्रं तपासा. मूळ संख्यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ९ + १ + १६ = २६. तिला N ने भागलं तर σ² = ८.६६७; त्याचं निम्मं ४.३३३, आणि (३ − २)/(३ − १) म्हणजे अर्ध्याने गुणलं की २.१६७. तीच बेरीज N − 1 ने भागली तर १३. त्याचं निम्मं ६.५, आणि १ − २/३ म्हणजे एक तृतीयांशाने गुणलं की पुन्हा २.१६७. जोड्या उलट केल्या तर एकीकडे १.४४ येतं, दुसरीकडे ३.२५.

कुठे लावू नये

प्रश्न काय विचारतोय ते पाहावं. या २०० जणांचीच सरासरी हवी असेल तर दुरुस्ती योग्य. पण पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्यांबद्दल किंवा अशा प्रकारच्या सर्वच कर्मचाऱ्यांबद्दल निष्कर्ष काढायचा असेल, तर आपली समष्टी २०० ची राहत नाही आणि १.६८ हेच योग्य उत्तर ठरतं.

आणखी एक. प्रश्नावली २०० जणांना पाठवली आणि ८० जणांनी स्वतःहून भरून दिली, तर तो यादृच्छिक नमुना नव्हे. लांबून येणारे उत्तर द्यायला अधिक उत्सुक असतील, तर सरासरीच वर सरकलेली असते. दुरुस्ती त्या चुकीला हात लावत नाही. उलट अंतराल आखडून चुकीच्या सरासरीवर जास्त भरवसा दाखवते. त्या विद्यार्थिनीच्या पानावर “यादृच्छिक पद्धतीने” हे शब्द कापलेल्या ओळीतच होते, म्हणून तिला पूर्ण पान पाठवायला सांगावंच लागलं. २०० हा आकडा उलट्या हिशेबातून निघाला होता, हे शब्द तसे निघाले नसते.